सुट्या भागांचा हिशेब (भाग ५) : पाकिटात नेमकं काय गेलं?

मागच्या भागात शाळेतल्या मुलांसाठी ५५५ टायमरचं लुकलुकत्या दिव्याचं सर्किट पक्कं केलं. आता त्याची ५० पाकिटं भरायची. प्रत्येकात पीसीबी, आयसी, तिचं सॉकेट, तीन रेझिस्टर, दोन कपॅसिटर, लाल एलईडी आणि ९ व्होल्टच्या बॅटरीचा कनेक्टर, असे दहाच नग. तरीही चूक होते, आणि बहुतेकदा ती रेझिस्टरपाशीच होते.

सर्किट आखणाऱ्याच्या यादीत ‘आर-२, ६८ किलोओहम, १ नग’ एवढंच असतं. पाकीट भरणाऱ्याला मात्र समोर दिसतात रंगीत पट्ट्यांचे इवलेसे तुकडे. त्यामुळे भरण्याच्या यादीत डोळ्यांना जे दिसतं ते लिहायला हवं : ‘निळा, करडा, नारिंगी, सोनेरी’. सिरॅमिक कपॅसिटरपुढे ‘वर १०३ छापलेलं’. आणि प्रत्येक ओळीला ट्रेचा क्रमांक.

आमच्या सर्किटात एलईडीसाठी आर-३ हा ६८० ओहमचा होता. त्याच्या पट्ट्या निळा, करडा, तपकिरी, सोनेरी. ट्यूबलाइटखाली नारिंगी आणि तपकिरी यांत फरक करून दाखवा! एखाद्या पाकिटात दोन्ही ६८० चेच गेले, तर नग मोजून बरोबर भरतात. पण सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा सेकंदाला साठेक वेळा लुकलुकतो, म्हणजे नुसता पेटलेलाच दिसतो. पोरगं बिचारं आपलं सोल्डरिंग तपासत बसतं.

यावर जास्त डोळे फाडून बघणं हा उपाय नव्हे. आर-१ तसाही १ किलोओहमचा आहे. आर-३ पण तोच घ्यायचा. एलईडीचा उजेड थोडा उतरतो, पण चालतो. ६८० ची ओळच यादीतून गेली आणि १ किलोओहमपुढे ‘२ नग’ आले. यादी लिहायला बसल्यावर सर्किट बदलावं लागतं ते असं.

भरताना प्रत्येक ट्रेमध्ये ५० पाकिटांना लागेल तेवढाच माल मोजून ठेवायचा. १ किलोओहमचे १००, बाकीचे ५०-५०. जादाचे नग टेबलावर ठेवायचेच नाहीत. शेवटी ट्रेमध्ये एक नग उरला, की कुठलं तरी पाकीट अपुरं आहे आणि कशात अपुरं आहे हेही कळलं.

१ किलोओहमचे एका पाकिटात तीन आणि दुसऱ्यात एकच गेला, तर मात्र ट्रे रिकामा होतो आणि चूक लपते. ती वजनात सापडते, पण स्वयंपाकघरातला काटा उपयोगाचा नाही. पाव वॉटचा रेझिस्टर ग्रॅमभरही नसतो. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. बॅटरी कनेक्टरच्या वायरी कमी-जास्त लांबीच्या येतात, म्हणून आधी छोट्या भागांचीच पुडी तोलायची आणि पीसीबी व कनेक्टर त्यानंतर घालायचे.