पाच पिनांचं गोल सॉकेट

जुन्या कीबोर्डच्या मागे पाच छिद्रांची गोल सॉकेटं असतात, त्यांवर ‘मिडी इन’ आणि ‘मिडी आउट’ लिहिलेलं असतं. ही पद्धत 1983 पासूनची. पाचांपैकी माहिती वाहतात फक्त दोन पिना, मधली शील्डसाठी, कडेच्या दोन रिकाम्याच.

संगणकाला जोडायला मिडी-यूएसबी इंटरफेस घ्यावा. त्याच्या तारेवरचा ‘इन’ प्लग कीबोर्डच्या ‘आउट’मध्ये जातो, कारण कीबोर्डमधून निघालेलं संगणकात शिरायचं असतं. बहुतेकांची गाडी इथेच अडते. त्यातून काही स्वस्त तारांवर कुठल्या सॉकेटात घालायचं तेच छापलेलं असतं, म्हणजे सगळं उलटं! तेव्हा पट्टी दाबून इंटरफेसचा दिवा पाहावा. लुकलुकला नाही तर प्लग अदलाबदल करावेत. त्याने काही जळत नाही.

दिवा लुकलुकतो, पण संगणक गप्प? साहजिक आहे. या तारेतून आवाज जातच नाही. कुठली पट्टी, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढाच निरोप जातो. आवाज काढायला संगणकात वाद्याचं सॉफ्टवेअर उघडून त्यात इनपुट म्हणून हा इंटरफेस निवडावा लागतो. कीबोर्डचा स्वतःचा आवाज हवा असेल, तर हेडफोनच्या सॉकेटातून वेगळी ऑडिओ तार ओढावी.