सोमवारची हजेरी बुधवारी पोचते तेव्हा

डोंगरावरच्या शाळेत चौथीच्या पटावर ३२ मुलं आहेत असं धरू. सोमवारी बाईंनी मोबाइलवर हजेरी भरली: २९ हजर, ३ गैरहजर. गावात रेंज नाही. ‘ओडीके कलेक्ट’सारखं अॅप असेल तर भरलेला फॉर्म फोनमध्येच थांबतो आणि रेंज मिळाली की सर्व्हरकडे जातो. इथे ती मिळाली बुधवारी, बाई तालुक्याला गेल्या तेव्हा.

सर्व्हरवर रोज संध्याकाळी सातला एक प्रोग्राम आपोआप चालतो आणि आलेले फॉर्म मध्यवर्ती डेटाबेसमध्ये नेतो. ‘आजच्या तारखेची हजेरी आण’ एवढंच त्याला सांगितलेलं असेल, तर सोमवारचा फॉर्म त्याच्या हाती कधीच लागणार नाही. सोमवारी तो पोचला नव्हता आणि बुधवारी त्याच्यावर सोमवारची तारीख आहे. म्हणून प्रोग्रामने हजेरीची तारीख न पाहता फॉर्म सर्व्हरवर कधी आला ते पाहायचं, आणि मागची यशस्वी फेरी जिथवर झाली त्याच्या थोडं आधीपासून पुन्हा उचलायचं.

पुन्हा उचललं की काही फॉर्म दोनदा येणारच. त्यावर तोड सोपी आहे. शाळेचा ११ आकडी यू-डायस क्रमांक, मुलाचा जनरल रजिस्टर नंबर आणि तारीख, या तिन्हींना मिळून डेटाबेसमध्ये एकच नोंद राहू द्यायची. दुसरी आली तर पहिलीच सुधारायची. हजेरीक्रमांक मात्र इथे चालत नाही, तो दरवर्षी बदलतो. नावावर तर मुळीच विसंबू नये, एका वर्गात दोन साक्षी शिंदे सहज निघतात.

यातही एक खोच आहे. उशिरा आलेल्या मुलाला हजर करून बाईंनी दुपारी नवा फॉर्म भरला, आणि दोन्ही फॉर्म उलट्या क्रमाने पोचले, तर सकाळची चूक दुपारच्या दुरुस्तीवर बसेल. तेव्हा दोन्ही नोंदींत नंतर भरलेली कोणती, एवढंच बघायचं. फोनचं घड्याळ चुकीचं असेल तर मात्र हाही उपाय फसतो.

सगळ्यांत महागात पडते ती रिकामी जागा. सोमवारी रात्री डेटाबेसमध्ये चौथीची एकही नोंद नसते. अहवालाने तिथे शून्य छापलं, तर ३२ मुलांचा खाडा झाल्यासारखं दिसतं आणि केंद्रप्रमुखांचा फोन विनाकारण खणखणतो. ‘गैरहजर’ आणि ‘फॉर्म आला नाही’ हे दोन वेगळे शेरे हवेत. ते ठरवायला प्रोग्रामकडे वर्गवार पटाची यादी असावी लागते. सुट्ट्यांचीही असावी, नाहीतर रविवारी सगळ्याच शाळा थकबाकीदार ठरतात.

आणि सर्व्हरचं घड्याळ! बरेच सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर चालतात. तिथे ‘१९:००’ लिहिलं तर आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा वाजलेले असतात, आणि संध्याकाळी अहवाल उघडणाऱ्याला कालचेच आकडे दिसतात.