मोक्षाला लागलेला दहा मिनिटांचा विलंब

पंचांगात ग्रहणाच्या आरंभाला स्पर्श आणि अखेरीला मोक्ष म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द गुरूच्या चंद्रांनाही यथार्थपणे लागू पडतात. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेल्या चार चंद्रांपैकी सर्वांत आतला आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती फेरी पुरी करतो आणि दर फेरीत त्याच्या छायेत शिरून बाहेर पडतो. हे आकाशस्थ घड्याळ रेखांश ठरविण्याच्या कामी यावे, या हेतूने कासिनीने १६६८ साली त्याची कोष्टके प्रसिद्ध केली होती.

त्या कोष्टकांशी प्रत्यक्ष वेधांचा मेळ बसेना. १६७२ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत दाखल झालेला तरुण डॅनिश ज्योतिषी ओले रोमर याने ही तफावत वेधातील चूक म्हणून सोडून दिली नाही, हे मला त्याचे खरे मोठेपण वाटते. पृथ्वी गुरूपासून दूर जात असता प्रत्येक मोक्षाची वार्ता मागील वार्तेपेक्षा थोडे अधिक अंतर तोडून येते. एका फेरीत हा विलंब फार तर पंधरा सेकंदांचा असतो, आणि छायेतून बाहेर येणारा चंद्र एकदम न प्रकटता काही मिनिटांत हळूहळू उजळत असल्यामुळे तो एकट्या वेधात सापडणे दुरापास्त होय. परंतु चाळीस फेऱ्यांचा हिशेब एकत्र मांडला, की हाच क्षुद्र अंश साचत साचत मिनिटांच्या घरात जातो.

प्रतियुतीनंतर पृथ्वीवरून आयोचा केवळ मोक्षच दिसतो, स्पर्श गुरूच्या बिंबामागे लपतो. म्हणून १६७६ च्या ऑगस्टमधील मोक्षांवरून नोव्हेंबरमधील मोक्षाची वेळ काढता येत होती. सप्टेंबरातच रोमरने अकादमीला कळविले, की तो मोक्ष अपेक्षेपेक्षा दहा मिनिटे उशिरा दिसेल. ९ नोव्हेंबरच्या सायंकाळी, ऑगस्टच्या हिशेबाने ५ वाजून २५ मिनिटे ४५ सेकंदांनी व्हावयाचा मोक्ष ५ वाजून ३५ मिनिटे ४५ सेकंदांनी दृष्टीस पडला.

पृथ्वीकक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटे लागतात, असा निष्कर्ष रोमरने काढला. वेगाचा आकडा मात्र त्याने स्वतः मांडला नाही. तो हायगेन्सने १६९० च्या आपल्या ग्रंथात काढला, आणि आजच्या मापाने तो सेकंदाला सुमारे २,२०,००० किलोमीटर भरतो. खरी मुदत साडेसोळा मिनिटांहून किंचित अधिक आहे, आणि खरा वेग ३,००,००० किलोमीटरांच्या जवळ.

कासिनीने हे कबूल केले नाही, आणि त्याचा आक्षेप केवळ मत्सराचा समजणे अन्यायाचे होईल: प्रकाशाला वेळ लागत असेल, तर चारही चंद्रांत सारखाच विलंब दिसावयास हवा होता, आणि इतर तिघांची कोष्टके तसा निर्वाळा देत नव्हती. त्या चंद्रांच्या गतीतील इतर विषमता तेव्हा पुरत्या उलगडल्या नव्हत्या, म्हणून दोष प्रकाशाचा की कोष्टकांचा, हा वाद अर्धशतक चालला. १७२८ मध्ये ब्रॅडलीने गुरूचा आधार न घेता, ताऱ्यांच्या स्थानांतील वार्षिक विचलनावरून, सूर्यापासून पृथ्वीपर्यंत येण्यास प्रकाशाला सुमारे आठ मिनिटे लागतात, हे दाखविले.