सूर्याची रुंदी आणि गुलमोहराची सावली

नव्या गृहप्रकल्पांच्या माहितीपत्रकांत एक चित्र हमखास असतं. पांढरी भिंत, शहाबादी फरशीचं अंगण, कडेला बहरलेला गुलमोहर, आणि भिंतीवर नि फरशीवर पसरलेली ऊनसावलीची नक्षी. ते अंगण अजून बांधलेलं नसतं. चित्र संगणकावर रचलेलं असतं; धंद्यात त्याला ‘रेंडर’ म्हणतात. झाड, भिंत, सूर्य हे सगळं आकड्यांत मांडायचं आणि चित्रातल्या एकेका बिंदूवर किती उजेड पोचतो याचा हिशोब संगणकाकडून करून घ्यायचा. हिशोब चोख असला तरी बघणाऱ्याला बऱ्याचदा काहीतरी खटकतं, आणि काय खटकलं ते मात्र सांगता येत नाही. माझ्या पाहण्यात अशा चित्रांतला दोष बहुतेक वेळा सावलीच्या कडेत असतो. गुलमोहराच्या फांद्या जमिनीपासून सहा मीटरवर दाखवलेल्या असतात आणि खाली फरशीवर त्याची बारीक पर्णिका न् पर्णिका कातरून ठेवल्यासारखी दिसते. भर उन्हात खऱ्या गुलमोहराखाली उभं राहिलं तर असं कधीही दिसणार नाही.

याचं कारण सूर्याला रुंदी आहे. आकाशात तो बिंदू नाही, अर्ध्या अंशाहून किंचित मोठी तबकडी आहे. पानाच्या कडेपाशी या तबकडीचा थोडा भाग झाकला जातो, थोडा उघडा राहतो, आणि त्यामुळे सावलीची कड एका रेषेत न संपता हळूहळू विरते. ग्रहणाच्या वेळी वर्तमानपत्रं जिला उपच्छाया म्हणतात, तीच ही. ती किती रुंद होणार हे फक्त अंतरावर ठरतं. पान आणि फरशी यांच्यात जेवढं अंतर, त्याचा साधारण १०७वा भाग. सहा मीटरवरून सरळ खाली येणाऱ्या उन्हात कड साडेपाच सेंटिमीटरभर धूसर होते. गुलमोहराची पर्णिका रुंदीला तीन-चार मिलिमीटर. तिची गडद सावली हातभर अंतरातच संपते. त्यापलीकडे ती सूर्याला पूर्ण झाकूच शकत नाही. मनगटाएवढ्या फांदीची सावली फरशीपर्यंत नीट पोचते, बोटाएवढ्या डहाळीचा फिकट पट्टा उरतो, आणि पर्णिकांचा आकार तर वाटेतच पुसला जातो.

मग फरशीवर दिसतं ते काय? ते कवडसे. पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या असतात, कवडसे मात्र गोल पडतात, कारण प्रत्येक बारीक फट फरशीवर सूर्याचंच चित्र पाडते. चौकोनी भोकातून आलेलं ऊन चौकोनी का दिसत नाही, आणि ग्रहणात झाडाखाली चंद्रकोरी का उमटतात, हे प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रंथातही विचारलेले आहेत. त्याची भूमिती केपलरने १६०४ सालच्या आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात नीट मांडली. खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी कुठल्याही दाट झाडाखाली ती आजही पडताळून पाहता येते.

ब्लेंडर हे फुकट मिळणारं आणि भरपूर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या सूर्याच्या दिव्याला `Angle` नावाचा एक आकडा असतो आणि तो मुळातच `0.526°` असतो, म्हणजे खऱ्या सूर्याएवढा. गडबड तो बदलल्यावर होते. ‘सावली जरा उठावदार करा’ असं कुणी म्हटलं की तो शून्यावर नेतात. सूर्य बिंदू बनतो आणि कातरकामासारखी पानं उमटतात. उलट ‘मऊ करा’ म्हटलं की पाच अंश ठेवतात. आता सहा मीटरवरून येणाऱ्या सावलीची कड अर्धा मीटर रुंद झाली. कवडसे एकमेकांत विरघळतात आणि ऐन मे महिन्यात ढगाळ हवेचा भास होतो. तिसरी पळवाट गोबोची. पानांच्या नक्षीचा काळापांढरा पडदा दिव्यापुढे धरायचा, नाटक-सिनेमाच्या प्रकाशयोजनेतली जुनी युक्ती. घाईच्या कामाला ती बरी. पण पडदा एका प्रतलात असतो, झाडाला मात्र खोली असते. खालच्या फांदीची सावली रेखीव, शेंड्याची धूसर, आणि दोन्ही एकमेकींवर पडलेल्या, हा थर गोबोत येत नाही. अंगणभर एकसारखी धूसर नक्षी दिसली की पडदा ओळखावा.

आता दुपारकडे वळू. चित्राच्या मागणीत ‘मध्यान्ह’ असतो, आणि मध्यान्ही भिंतीवर नक्षीही हवी असते. पुण्यात, गुलमोहराच्या मोसमात, या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. ५ मे घेऊ. पुणं भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नाही, साडेबाराच्या सुमारास. त्या क्षणी तो डोक्यावरच्या बिंदूपासून जेमतेम दोन अंश दक्षिणेला असतो. (आणखी आठवड्याभराने पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो.) अशा वेळी झाडाची सावली बुंध्याशी गोळा झालेली असते, आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीवरसुद्धा उन्हाचा सुमारे चार टक्केच जोर पडतो. भिंतीवर नक्षी हवी म्हणून सूर्य मनाला येईल तिथे सरकवला, तर पुण्याच्या माणसाला अंगण परकं वाटतं. पुण्यात तो सूर्य तिथे कधी नसतोच.

यावर सरळ उपाय म्हणजे घड्याळ दोन तास पुढे नेणं. ५ मेलाच दुपारी अडीचच्या थोडं पुढे सूर्य क्षितिजापासून साठ अंशांवर येतो आणि जवळपास बरोबर पश्चिमेला असतो. ऊन अजून भर दुपारचंच, पण आता अंगणाच्या पूर्वेकडच्या, पश्चिमेला तोंड केलेल्या भिंतीवर झाडाची सावली चढते. अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६, तारीख आणि वेळ दिली की सूर्याची दिशा काढून देणारी जोडणी ब्लेंडरला मिळते. फक्त नकाशातली उत्तर दिशा नीट लावली आहे ना, हे आधी बघायचं.

या साठ अंशांत एक गंमत आहे, आणि नकली चित्र बहुधा तिथेच उघडं पडतं. फरशीवर ऊन तसं उभंच पडतं, म्हणून कवडसे जवळजवळ गोल. सहा मीटर उंचीवरच्या फटीतून तिरका आलेला किरण सात मीटरच्या आसपास चालतो. कवडसा साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि साडेसात लांब पडतो. भिंतीला हेच ऊन घासून जातं, त्यामुळे तिथला कवडसा रुंदीच्या दुप्पट उंच होतो. त्याच उंचीच्या फटीतून भिंतीवर दोन मीटरच्या खुणेशी आलेला कवडसा सव्वाचार सेंटिमीटर रुंद आणि साडेआठ उंच असतो. वर साडेतीन मीटरच्या खुणेशी भिंत फांद्यांच्या अधिक जवळ, तिथे तो पावणेतीन सेंटिमीटरच रुंद. म्हणजे भिंतीवर वरून खाली येताना ठिपके मोठे आणि मवाळ होत जायला हवेत, आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात उभट ठिपके एकदम गोलाकडे झुकायला हवेत. हे आपोआप घडतं, फक्त सूर्याची रुंदी आणि झाडाची खोली खरी हवी.

कवडशांचा लखलखाटही सगळीकडे सारखा नसतो. दोन सेंटिमीटरच्या फटीतून आलेला उजेड साडेसहा सेंटिमीटरच्या वर्तुळात पसरतो, तेव्हा तिथे उघड्या उन्हाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. पूर्ण ऊन मिळतं ते फट कवडशापेक्षा मोठी असेल तेव्हाच. म्हणून खऱ्या झाडाखाली फिकट, त्याहून फिकट, आणि मधूनच एखादा झगझगीत असे ठिपके मिसळलेले दिसतात. सगळे एकसारखे पांढरेफटक असतील तर एक्स्पोजर जास्त झालेलं असतं, नाहीतर सूर्य पुन्हा बिंदू झालेला असतो.

याच्या उलटही होतं. सगळे आकडे बरोबर, तरी झाडाखाली काळोखाचा डबकाभर ठिपका, कवडसे गायब. इथे दोष पानांचा. संगणकावरच्या झाडांत पुष्कळदा एकेक पान वेगळं घडवलेलं नसतं. चौकोनी पत्र्यावर पानांचं छायाचित्र चिकटवून उरलेला भाग पारदर्शक केलेला असतो. किरणाने असे किती पारदर्शक थर ओलांडायचे याला मर्यादा असते, आणि ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनात ती मुळात आठ आहे. दाट झाडात आठ पत्रे चटकन संपतात. नवव्यापाशी किरण थांबतो आणि ती जागा काळी धरली जाते. झाडाचा गाभाही काळाठिक्कर दिसला तर निदान पक्कं. `Light Paths` मधली `Transparent` मर्यादा तीसेकवर नेली की फटी उघडतात. रेंडरला वेळ तेवढा जास्त लागतो.

रंगाबाबत थोडक्यात. फुलं लाल म्हणून सावली लाल होत नाही. पाकळीतून पार होणारा उजेड चारी दिशांना विखुरतो, रंगीत काचेसारखा सरळ खाली उतरत नाही. उघड्या आकाशाखाली पांढऱ्या भिंतीवरची सावली निळसर असते, कारण तिथे सूर्य झाकलेला असला तरी आकाश दिसत असतं. आकाशाऐवजी राखाडी पार्श्वभूमी ठेवली तर हा निळेपणा जातो आणि सावली मळकट दिसते. सावलीत असे रंग पाहायची सवय माणसांनाही नव्हती. १८७६ साली पॅरिसमध्ये रन्वारने झाडाखालच्या स्त्रीच्या अंगावर हिरव्याजांभळ्या सावल्या रंगवल्या, तर अल्बर वोल्फ या समीक्षकाला ते सडणारं मांस वाटलं!

एवढं सगळं सांगितलं तरी ग्राहकाला बऱ्याचदा पानांचे आकार हवेच असतात. हट्ट चुकीचा नाही, झाड चुकीचं आहे. गुलमोहर काढून तिथे चाफा लावावा. तो अंगणाच्या मापाचा असतो, मे महिन्यात फुललेला असतो, आणि त्याचं पान सात-आठ सेंटिमीटर रुंद. तीन मीटरवरून येणाऱ्या त्याच्या सावलीची कड तीनच सेंटिमीटर विरते, म्हणजे लांबट टोकदार पान सूर्याला हात न लावता ओळखू येतं. फुलांचा आकारही हवा असेल तर एक फांदी भिंतीपासून मीटरभराच्या आत आणावी. कड सेंटिमीटरभरच धूसर होईल, आणि तीनेक सेंटिमीटरची पाकळी भिंतीवर सुटी दिसेल.