गुरुत्वाकर्षण, एका पानात

दहावीच्या विज्ञानातला ‘गुरुत्वाकर्षण’ हा धडा. रात्रीचे दहा वाजलेत आणि टिपण एका पानात बसवायचंय. अशा वेळी हात सोप्या भागावर काट मारायला जातो. त्यापेक्षा चांगली कसोटी अशी, की जे दुसऱ्यातून काढता येतं ते गाळायचं.

F = GMm/R² पानावर असलं की m ने भागून g = GM/R² मिळतं; ते गेलं. मुक्तिवेगाच्या √(2GM/R) आणि √(2gR) यांपैकीही एकच पुरे.

केप्लरचे तिन्ही नियम मात्र शब्दांसकट राहतात, ते कशातून काढत बसणार! G आणि g ची एककंही राहतात, घाईत गल्लत तिथेच होते.

मग कोरा कागद घ्यायचा. गाळलेलं सूत्र दोन मिनिटांत निघालं नाही, तर ते मुकाट्याने पानावर परत.