थेंब थेंब गळणारी कँडल

जुलैत नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं, आणि आमच्या स्टीलच्या फिल्टरनं संप पुकारला. एरवी दोन कँडलमधून तासाभरात लिटरभर पाणी उतरायचं. आता रात्री वरचा डबा भरून ठेवला, तर सकाळी खाली जेमतेम दोन तांबे.

कँडल पांढऱ्या भाजलेल्या मातीची. तिची छिद्रं इतकी बारीक, की गाळ आत शिरतच नाही, बाहेरच्या अंगावर साय धरावी तसा बसतो. म्हणूनच ती घासून मोकळी होते. (वरचा डबा अर्धा रिकामा असला तरी धार मंदावते, कारण पाण्याला ढकलणारं वजनच कमी होतं. तेव्हा आधी डबा काठोकाठ भरून पाहावा.)

खालचा नट सोडवून कँडल काढली. देठाच्या भोकात बोट दाबून धरलं, म्हणजे घाण पाणी आत जायला नको, आणि वाहत्या नळाखाली मऊ ब्रशनं घासली. तपकिरी साय निघून पांढरा रंग दिसला, की थांबायचं. साबण अजिबात नको. तो छिद्रांत बसतो आणि पुढे आठवडाभर पाण्याला त्याचा वास येतो. तारेची घासणीही नको. साध्या मातीची कँडल असेल तर गार पाण्यात ठेवून हळूहळू तापवावी आणि पंधरा-वीस मिनिटं उकळावी. उकळत्या पाण्यात एकदम टाकली तर तडकते. आत कोळसा भरलेली कँडल मात्र उकळू नये. पुन्हा बसवताना रबरी चकती नीट बसली ना हे पाहावं, आणि पहिला डबाभर पाणी ओतून द्यावं.

एक कँडल पूर्ववत झाली. दुसरी पांढरीशुभ्र होऊनही रडतच राहिली. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात असं होतं: क्षार छिद्रांच्या आत जमतात, तिथे ब्रश पोहोचत नाही. अशी कँडल बदलायचीच.

पण मला जास्त भीती वाटते ती एकाएकी भराभर गळू लागलेल्या कँडलची. प्रत्येक घासणीत मातीचा पातळ थर जातो, भिंत झिजते. केसाएवढी चीर पडली तरी पाणी न गाळताच खाली उतरतं, आणि दिसायला मात्र स्वच्छच. पारख सोपी आहे. कँडल काही तास पाण्यात भिजवावी, मग बुडवलेली ठेवूनच देठातून नळीनं हलकेच फुंकावं. चांगल्या कँडलची छिद्रं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे हवा सुटत नाही. एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ निघाली, तर तिथे चीर आहे. बुडाच्या प्लास्टिकच्या सांध्याकडे विशेष लक्ष द्यावं.

आमची पहिली कँडल या परीक्षेत उतरली. तरी गढूळ पाण्याच्या दिवसांत गाळलेलं पाणी आम्ही उकळूनच पितो. कावीळ पसरवणारे विषाणू त्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असतात.