टी-शर्टवरचं चित्र : कुठे, केवढं आणि कोणत्या रंगावर
(लेखमाला : कापडावरची छपाई, लेखांक ५)

मागच्या लेखांकात फिल्मवरून स्क्रीन कशी तयार होते ते आपण पाहिलं. स्क्रीन एकदा एक्स्पोज झाली की चित्राचा आकार कायम होतो. मग ते लहानमोठं करायचं तर नवी फिल्म, नवी स्क्रीन आणि नवा खर्च. म्हणून चित्र पारखायचं ते फिल्म काढण्याआधी. ही पारख संगणकाच्या पडद्यावर होत नाही, कारण तिथे टी-शर्ट सपाट असतो आणि त्याच्या आत माणूस नसतो.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. पुण्यातल्या एका ट्रेकिंग ग्रुपला राजगड-तोरणा ट्रेकसाठी टी-शर्ट छापायचे आहेत. कापड मरून रंगाचं ड्रायफिट, म्हणजे पॉलिएस्टर. चित्रात डावीकडे तोरणा, उजवीकडे राजगड, मधून दोन्ही गडांना जोडणारी डोंगरसोंड. हे सगळं गडद हिरव्या रंगात, आणि खाली पांढऱ्या अक्षरांत ग्रुपचं नाव. रुंदी १२ इंच, उंची जेमतेम ४ इंच. पडद्यावर हे चित्र सुरेख दिसतं, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांनी त्याला पसंती दिलेली आहे.

पहिला प्रश्न जागेचा. समोरच्या मोठ्या छपाईसाठी कारागीर गळ्याच्या पट्टीखाली चार बोटं सोडतात, म्हणजे साधारण ३ इंच. नवख्या माणसाला हे फार वर वाटतं. टी-शर्ट टेबलावर पसरला की नजर त्याच्या मध्यावर जाते आणि चित्र तिथेच असावं असं वाटतं. पण कपड्याचा मध्य येतो पोटावर, आणि माणसाकडे बघताना आपली नजर चेहऱ्यावरून छातीवर उतरते. पोटावरचं चित्र बसल्यावर घडीत जातं आणि पोट सुटलेलं असेल तर नेमकं तिथेच ताणलं जातं. छपाईतली सर्वांत जास्त दिसणारी चूक कोणती असं विचारलं, तर मी हीच सांगेन : चित्र दोन-तीन इंच खाली घसरलेलं असणं.

आपल्या ग्रुपने ३ इंच सोडलेत, म्हणजे नियम पाळलाय. तरीही जागा चुकली आहे, कारण हा टी-शर्ट सॅकखाली घालायचा आहे. सॅकचे दोन पट्टे खांद्यांवरून छातीवर उतरतात. प्रत्येक पट्टा अडीच-तीन इंच रुंद असतो आणि दोन्हींच्या मध्ये छातीचा सहा-सात इंचांचा भागच उघडा राहतो. १२ इंच रुंद चित्रातली डावी-उजवी टोकं थेट पट्ट्यांखाली जातात. म्हणजे तोरणा एका पट्ट्याखाली, राजगड दुसऱ्या पट्ट्याखाली, आणि समोरून दिसते ती फक्त मधली सोंड. ज्या दोन गडांसाठी टी-शर्ट काढला तेच झाकले गेले. पाठीवर छापावं तर तिथे सॅकच असते. डाव्या छातीवर छोटा लोगो घ्यावा तर तोही पट्ट्याखालीच जातो.

म्हणून कोणत्याही टी-शर्टबाबत आधी विचारायचं, की हा घातलेला असताना अंगावर आणखी काय असणार आहे. ढोल वाजवणाऱ्याच्या कमरेला ढोल बांधलेला असतो, त्यामुळे त्याच्या पोटावर छापलेलं काहीही दिसत नाही. कार्यकर्त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र छातीच्या बरोबर मध्यावर लोंबतं. स्वयंपाक्याच्या अंगावर ॲप्रन असतो. या गोष्टी डिझाइन करणाऱ्याला कोणी सांगत नाही, त्या त्यालाच विचाराव्या लागतात.

ट्रेकच्या टी-शर्टवर उपाय आहे तो मांडणी बदलण्याचा. नुसतं चित्र लहान करून भागणार नाही. १२ इंचांचं चित्र ७ इंचांवर आणलं तर उंची सव्वादोन इंचांवर येईल, गड बोटाएवढे होतील आणि नावाची अक्षरं चार पावलांवरूनही वाचता येणार नाहीत. त्याऐवजी दोन्ही गड एकाखाली एक घ्यायचे. तोरणा उंचीने जास्त, म्हणून तो वर, राजगड खाली, आणि मधली वाट वळणं घेत दोघांना जोडणारी. आता चित्र साडेसहा इंच रुंद आणि सात इंच उंच झालं, म्हणजे पट्ट्यांच्या मध्ये नीट बसलं. सॅकचा छातीवरचा आडवा पट्टा मात्र गळ्याखाली दोन-तीन इंचांवर येतो, म्हणून इथे ३ ऐवजी ४ इंच सोडणं बरं. सॅक नसताना चित्र किंचित खाली वाटेल, तेवढं मी मान्य करेन. यापेक्षा खाली नेऊ देणार नाही, कारण मग तळाचं नाव सॅकच्या कमरपट्ट्याकडे सरकतं.

मध्य साधण्यातही एक खुबी आहे. फिल्मवर चित्राच्या दोन टोकांमधलं अंतर मोजून मध्यरेषा काढतात. राजगडाचा बालेकिल्ला भरीव, आणि संजीवनी माची मात्र लांबट, निमुळती होत जाणारी. टोकापासून टोकापर्यंत मोजून मध्य काढला, तर चित्राचा सगळा भार एका बाजूला पडलेला दिसतो. अशा वेळी टोकांचं माप सोडून भरीव भागाकडे बघायचं आणि चित्र अर्धा इंच सरकवायचं. गळ्याच्या मध्याखाली चित्राचा भार आला पाहिजे, मग माचीचं टोक एका बाजूला जरा लांब गेलं तरी ते खटकत नाही.

आता आकार. १२ इंच रुंदी ऐकायला फार वाटत नाही, कारण एल मापाचा टी-शर्ट पसरल्यावर २१ इंचांच्या आसपास भरतो. पण हे २१ इंच अंगाभोवती वळतात. समोर उभं राहून बघणाऱ्याला छातीचा सपाट भाग १२-१३ इंचच दिसतो, बाकीचं कापड काखेकडे वळलेलं असतं. त्यामुळे सडपातळ मुलाच्या अंगावर १२ इंची चित्राच्या कडा वळून दिसेनाशा होतात. त्यातही अडचण अशी की एस मापाचा टी-शर्ट १८-१९ इंच रुंद, तर डबल एक्सेल २३-२४ इंच, आणि स्क्रीन दोघांसाठी एकच. एकावर चित्र कडेला टेकतं आणि दुसऱ्यावर हरवल्यासारखं दिसतं. मोठं चित्रच हवं असेल तर लहान मापांसाठी १० इंची आणि मोठ्यांसाठी १२ इंची अशा दोन स्क्रीन करून घ्याव्यात. आपलं साडेसहा इंची चित्र मात्र एकाच स्क्रीनवर निभावून जातं. रुंदी ठरवायची ती ऑर्डरमध्ये सर्वांत जास्त असलेल्या मापावर, आणि तपासायची सर्वांत लहान मापावर. डबल एक्सेलवर छापताना कारागिराला अर्धा इंच खाली घ्यायला सांगावं. तो प्रत्येक टी-शर्ट हातानेच पाटावर चढवतो, त्यामुळे हे त्याला सहज जमतं.

अक्षरांचा आकार वेगळा तपासावा लागतो. दहा फुटांवरून सहज वाचायचं असेल तर अक्षर साधारण इंचभर उंच हवं. देवनागरीत हा इंच फसवा ठरतो. वेलांटी, मात्रा आणि खालचा उकार धरून ओळीची उंची इंचभर भरते, पण शिरोरेषेखालचं मूळ अक्षर त्याच्या निम्म्या-पाऊण उंचीचंच राहतं. म्हणून माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत घ्यावं.

राहिला रंग, आणि आपल्या ग्रुपचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होणार होतं. मरून आणि गडद हिरवा हे रंग एकमेकांपासून लांबचे, म्हणून ते उठून दिसतील असं वाटतं. पण लांबून बघताना डोळा आधी उजळ आणि गडद यांतला फरक पकडतो, रंगाचं नाव त्यानंतर. मरून गडद आणि हिरवाही तेवढाच गडद, त्यामुळे दहा पावलांवरून दोन्ही मिळून एक काळपट पट्टा दिसतो. तपासायचं कसं? कापडाच्या तुकड्यावर हिरव्या रंगाचा नमुना ठेवून मोबाइलने फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करायचा. चित्र कापडात मिसळलं, तर तो रंग बाद. हळदी पिवळा किंवा साय रंग घेतला तर मरूनवर गड लख्ख उठतात. पिवळ्याखाली आधी पांढऱ्याचा बेस द्यावा लागतो, नाहीतर खालचा मरून त्याला मळकट करतो.

रंग उजळ केला की आणखी एक गोष्ट बघावी लागते. मूळ रेखाटन पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांनी केलेलं असतं आणि कड्याची सावली दाट रेघांनी दाखवलेली असते. त्याच रेघा गडद कापडावर उजळ रंगात छापल्या की सावलीची बाजूच उजळते आणि कडा फोटोच्या निगेटिव्हसारखा दिसतो. ‘जॉय डिव्हिजन’ या इंग्लिश बँडच्या १९७९ सालच्या ‘अननोन प्लेझर्स’ या अल्बमचं मुखपृष्ठ जगभर टी-शर्टवर दिसतं. त्यावरचे लहरींचे आलेख मुळात पांढऱ्यावर काळ्यात होते आणि मुखपृष्ठ करणाऱ्या पीटर सॅव्हिलने ते काळ्यावर पांढरे केले. तिथे उलटापालट खपून गेली, कारण त्या लहरींमध्ये ऊन-सावली नव्हतीच. गडाच्या चित्रात ती आहे, म्हणून उन्हाची बाजू नव्याने रेखाटून घ्यावी लागते.

पांढऱ्या अक्षरांचा धोका तर छपाईनंतर उघड होतो. प्लास्टिसॉल शाई पक्की करायला १६० अंश सेल्सियसच्या आसपास तापवावी लागते. एवढ्या उष्णतेत पॉलिएस्टरमधला लाल-मरून रंग सुटून शाईत चढतो. छापताना शुभ्र असलेली अक्षरं काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत गुलाबी होतात. सुती कापडावर हा त्रास सहसा होत नाही. ड्रायफिटच हवं असेल तर कमी तापमानाला पक्की होणारी शाई आणि रंग अडवणारा करडा बेस मागायचा. नमुन्याचा एक टी-शर्ट आधी छापून घ्यायचा आणि किमान दोन दिवस ठेवून मगच बाकीच्या छपाईला होकार द्यायचा.

हे सगळं एकदम पारखायचं तर चित्र खऱ्या मापात कागदावर छापा, कडेने कापा आणि टी-शर्ट घातलेल्या माणसाच्या छातीवर टाचणीने लावा. त्याच्या पाठीवर भरलेली सॅक द्या. तो उभा असताना, बसलेला असताना आणि हात वर केल्यावर दहा फुटांवरून फोटो घ्या. हात वर गेले की कापड दोन-तीन इंच वर चढतं, त्यामुळे तेही दिसायला हवं. एका कागदाच्या खर्चात हे होतं, आणि ग्रुपमधल्या सर्वांत लहान मापाच्या माणसालाच त्यासाठी उभं करा. पुढच्या लेखांकात शाई नीट पक्की झाली की नाही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं ते पाहू.